हातात किती, रुजू कधी, विचारायचे कोणाला?

मुलाखतीच्या दोन-तीन फेऱ्या पार पडतात आणि एक दिवस फोन येतो, ‘अभिनंदन, तुमची निवड झाली आहे. ऑफर मेलवर पाठवतो.’ घरात आनंद होतो, देवापुढे पेढे ठेवले जातात. मग मेल येतो आणि घरातले वडीलधारे पहिला प्रश्न विचारतात, ‘हातात किती पडणार?’ दुसरा प्रश्न, ‘कधीपासून जायचे?’ मेल चार वेळा वाचूनही या दोन प्रश्नांची सरळ उत्तरे सापडत नसतील, तर तो लिहिणाऱ्याचे काम अर्धवट राहिले आहे, मग त्यात ‘आमच्या कुटुंबात स्वागत’ कितीही वेळा लिहिलेले असो.

ऑफरचा मेल ही औपचारिकता आहे असे अनेक छोट्या-मध्यम कंपन्यांमध्ये समजले जाते. नियुक्तिपत्र रुजू होण्याच्या दिवशी द्यायचेच असते, मग आधी चार ओळी पाठवल्या की झाले. पण उमेदवाराने होकार देणे आणि प्रत्यक्ष कामावर येणे यांत महिना, दोन महिने, कधी तीन महिने जातात. या काळात तो जुन्या कंपनीत नोटिशीचे दिवस भरत असतो. तिथले साहेब त्याला थांबायचा आग्रह करत असतात आणि दुसऱ्या कंपन्यांचे फोनही येत असतात. नव्या कंपनीकडून त्याच्या हातात या काळात फक्त हा मेल असतो. त्यातली प्रत्येक मोघम ओळ त्याला अंदाज बांधायला लावते, आणि अंदाज चुकला की माणूस रुजू होण्याच्या दिवशी येत नाही.

म्हणून हा मेल नेमका कसा असावा, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. समजा, पुण्याजवळ भोसरी एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणारी एक मध्यम कंपनी आहे. तिने नाशिकच्या सातपूरमध्ये काम करणाऱ्या एका तरुणीला क्वालिटी इंजिनिअर म्हणून निवडले आहे. वार्षिक सीटीसी 6 लाख रुपये ठरली आहे आणि सध्याच्या कंपनीत तिची नोटीस 60 दिवसांची आहे. शुक्रवारी, 10 जुलै 2026 रोजी तिला हा मेल जातो:

‘नमस्कार,

काल फोनवर बोलल्याप्रमाणे, आमच्या भोसरीच्या कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर म्हणून तुम्ही रुजू व्हावे अशी आमची मनापासून इच्छा आहे. एकाच पार्टची दोन ऑपरेटरांनी घेतलेली मापे वेगवेगळी का येतात, हे तुम्ही मुलाखतीत कागदावर आकृती काढून समजावलेत. आमच्या तपासणी विभागात सध्या हीच अडचण आहे. तुमच्या निवडीवर आमचे लगेच एकमत झाले.

पगार: वार्षिक सीटीसी 6,00,000 रुपये. दरमहा ग्रॉस 40,000 रुपये. त्यात मूळ वेतन 25,000, घरभाडे भत्ता 10,000 आणि प्रवास भत्ता 5,000. पीएफ आणि व्यवसाय कर वजा जाता दरमहा बँकेत 36,800 रुपये जमा होतील. पूर्ण तपशील सोबतच्या तक्त्यात आहे. पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत होतो.

रुजू होण्याची तारीख: सोमवार, 21 सप्टेंबर 2026. तुम्ही 20 जुलैला राजीनामा दिलात तर 17 सप्टेंबरला 60 दिवस पूर्ण होतात, असा हिशोब धरला आहे. पुण्यात घर बघायला आणखी वेळ लागणार असेल तर 28 सप्टेंबरही चालेल.

पुढे काय: शुक्रवार, 17 जुलैपर्यंत या मेलला उत्तर देऊन होकार कळवा. तुमच्या पदवीची आणि पहिल्या नोकरीची पडताळणी पूर्ण झाली आहे. सध्याच्या कंपनीकडे चौकशी तुम्ही तिथून बाहेर पडल्यानंतरच करू. रुजू होण्याच्या दिवशी आधार, पॅन, यूएएन क्रमांक, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि रिलीव्हिंग लेटर सोबत आणा. नियुक्तिपत्र त्याच दिवशी सकाळी मिळेल. त्याचा मसुदा आत्ताच वाचण्यासाठी जोडला आहे.

पगार, शिफ्ट, सुट्ट्या, राहण्याची सोय, काहीही विचारायचे असेल तर मोकळेपणाने विचारा. माझा मोबाइल नंबर खाली आहे. सकाळी 10 ते संध्याकाळी 6 या वेळेत मी असतो. तुमच्या विभागप्रमुखांशी बोलायचे असेल तर मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी फोन ठरवून देतो. विचारपूस केल्याने ऑफरवर काहीही परिणाम होणार नाही.

आपला,
मनुष्यबळ विभाग’

हा मेल मोबाइलवर दोन-तीन मिनिटांत वाचून होतो. पण त्यातल्या जवळजवळ प्रत्येक ओळीमागे एक निर्णय आहे.

पहिला परिच्छेद बघा. ‘तुमच्यासारख्या गुणी उमेदवाराची निवड करताना आम्हाला आनंद होत आहे’ हे वाक्य कोणालाही पाठवता येते, म्हणून वाचणाऱ्याला ते स्वतःसाठी लिहिले आहे असे वाटत नाही. मुलाखतीतला एक खरा प्रसंग लिहिला की उमेदवाराला कळते, समोरच्यांनी आपले बोलणे लक्ष देऊन ऐकले होते. शिवाय आपल्याला कोणत्या कामासाठी बोलावले आहे, हेही त्याच वाक्यातून कळते. मेलमधला जिव्हाळा यापेक्षा लांबवायची गरज नाही. उरलेला जिव्हाळा आकड्यांच्या आणि तारखांच्या स्पष्टपणातून दिसला पाहिजे.

आता पगार. सर्वाधिक गैरसमज इथेच होतात. सीटीसी म्हणजे कंपनीचा त्या माणसावर वर्षभरात होणारा एकूण खर्च. घरी मात्र 6 लाखांना बाराने भागून ‘महिना पन्नास हजार’ असा हिशोब होतो. प्रत्यक्षात बँकेत 36,800 जमा झाले की पहिल्याच महिन्यात मन खट्टू होते. कंपनीने फसवले असे वाटू लागते. खरे तर कंपनीने फसवलेले नसते, फक्त आधी सांगितलेले नसते.

हे 13,200 रुपये जातात कुठे? आपल्या उदाहरणात सीटीसीमध्ये वर्षाला 60,000 रुपये व्हेरिएबल पे आहे, म्हणजे महिन्याला 5,000. हे पैसे कामगिरी पाहून वर्षअखेरीस मिळणार. कंपनी स्वतःच्या वाट्याचा पीएफ भरते, मूळ वेतनाच्या 12 टक्के, म्हणजे 3,000. ग्रॅच्युइटीसाठी सुमारे 1,200 आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यासाठी 800 बाजूला काढले जातात. हे 10,000 वजा केले की 40,000 ग्रॉस उरतो. त्यातून कर्मचाऱ्याच्या वाट्याचा पीएफ 3,000 आणि महाराष्ट्रातला व्यवसाय कर 200 कापला जातो. उरले 36,800. फेब्रुवारीत व्यवसाय कर 300 असतो, त्यामुळे त्या महिन्यात 100 रुपये कमी येतील. आयकर इथे लागत नाही, कारण नव्या कररचनेत सध्या 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर पगारदाराला कर भरावा लागत नाही.

हा हिशोब मांडला की आणखी एक गोष्ट लक्षात येते. हातात न पडलेले 13,200 रुपये सगळे एकाच जातीचे नाहीत. दोन्हीकडचा मिळून 6,000 रुपये पीएफ हे तिचेच पैसे आहेत. त्यातले कंपनीच्या वाट्यातले 1,250 रुपये निवृत्तिवेतन योजनेत जातात आणि बाकीचे 4,750 पीएफ खात्यात साठतात. ग्रॅच्युइटीचे तसे नाही. कायम नोकरीत ती साधारणपणे पाच वर्षे सेवा झाल्यावर मिळते. तीन वर्षांनी नोकरी सोडली तर सीटीसीत दिसणारे ते पैसे हाती येत नाहीत. विम्याचा हप्ता कधीच हाती येणार नाही, पण दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर उपयोगी पडेल. व्हेरिएबल पे मिळेल की नाही, हे अटींवर ठरते.

म्हणून तक्त्यात व्हेरिएबल पेपुढे किमान तीन गोष्टी लिहिलेल्या हव्यात: तो कशावर ठरतो, कधी मिळतो आणि वर्षाच्या मध्ये आलेल्यांना किती मिळतो. आपल्या उदाहरणातली इंजिनिअर 21 सप्टेंबरला रुजू झाली तर 31 मार्चपर्यंत तिचे 192 दिवस भरतात. पहिल्या वर्षी पूर्ण 60,000 मिळणार नाहीत. दिवसांच्या प्रमाणात जास्तीत जास्त साडेएकतीस हजारांच्या आसपास मिळतील. हे जुलैमध्ये लिहून दिले तर ती समजून घेते. तेच एप्रिलमध्ये कळले तर तिच्या लेखी कंपनीने शब्द फिरवलेला असतो.

पगाराची विभागणी कशी करायची याला आता कायद्याचीही चौकट आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतल्या व्याख्येप्रमाणे घरभाडे, प्रवास अशा वगळलेल्या भत्त्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. मूळ वेतन लहान ठेवून भत्ते फुगवायचे आणि पीएफ-ग्रॅच्युइटी कमी करायची, ही जुनी पद्धत त्यामुळे अवघड झाली आहे. एक फरक मात्र अजूनही दिसतो. काही कंपन्या पीएफ पूर्ण मूळ वेतनावर न कापता 15,000 रुपयांच्या मर्यादेवर, म्हणजे दोन्हीकडून 1,800 रुपये असा कापतात. त्यात महिन्याला हातात जास्त येते आणि साठतात कमी. दोन ऑफरांची तुलना करणाऱ्याने हे न पाहता फक्त हातातला आकडा पाहिला, तर तुलना चुकते.

पगारानंतर तारीख. ‘लवकरात लवकर रुजू व्हा’ ही ओळ लिहायला सोपी, पण ती सगळे ओझे उमेदवारावर टाकते. आपल्या उदाहरणात कोणी घाईने ऑफरच्या तारखेपासून 60 दिवस मोजले असते, तर 8 सप्टेंबर आला असता आणि पुढचा सोमवार म्हणून 14 सप्टेंबर लिहिला गेला असता. त्या दिवशी गणेश चतुर्थी आहे, आणि तिची नोटीसही तोवर संपलेली नाही. नोटीस राजीनाम्याच्या दिवसापासून मोजतात आणि राजीनामा होकारानंतरच दिला जातो, म्हणून विचार करायला दिलेला आठवडा हिशोबात धरावाच लागतो. मेलमध्ये हा हिशोब उघड लिहिला की उमेदवाराला तो तपासता येतो. तिच्या कंपनीत नोटीस महिन्याच्या तारखांनी मोजत असतील, तर ती लगेच सांगू शकते.

तारखेला पैशाचीही बाजू आहे. 21 सप्टेंबरला रुजू झाल्यावर सप्टेंबरच्या फक्त दहा दिवसांचा पगार 7 ऑक्टोबरपर्यंत येईल. पहिला पूर्ण पगार येईल 7 नोव्हेंबरपर्यंत, ऐन दिवाळीच्या तोंडावर. पुण्यात खोलीचे डिपॉझिट मात्र सप्टेंबरमध्येच भरावे लागणार. गाव सोडून येणाऱ्या माणसाला हे आधी कळले तर तो तजवीज करून ठेवतो. कंपनी प्रवासखर्च किंवा पहिल्या आठवड्याची राहण्याची सोय देत असेल, तर ती याच परिच्छेदात रकमेसह लिहावी. ‘मदत करू’ म्हटल्याने कोणालाच काही कळत नाही.

‘पुढे काय’ या भागात क्रमाला महत्त्व आहे. उमेदवाराची सर्वांत मोठी भीती असते ती मधेच लोंबकळण्याची: जुनीकडे राजीनामा दिला आणि नवीकडची ऑफर मागे घेतली गेली तर? करार कायदा, 1872 प्रमाणे होकार पाठवला जाईपर्यंत देकार मागे घेता येतो; होकार पाठवल्यानंतर देणाऱ्याला तो मागे घेता येत नाही. पण ‘पडताळणी समाधानकारक झाल्यास’ अशी अट मेलमध्ये असेल, तर ती अट पूर्ण होईपर्यंत धाकधूक राहतेच. म्हणून जी पडताळणी आधी करता येते, ती राजीनाम्याआधी उरकून घेणे हे सभ्यपणाचे आहे. सध्याच्या कंपनीकडे मात्र आधी विचारणा करू नये. तिकडे बातमी फुटली आणि इकडे काही बिनसले, तर त्या माणसाची चालू नोकरी धोक्यात येते.

नियुक्तिपत्राचा मसुदा सोबत जोडणे याच कारणासाठी गरजेचे आहे. प्रोबेशन किती महिन्यांचे, नोटीस किती, शिफ्ट फिरती आहे का, बॉण्ड आहे का, ही कलमे मसुद्यात असतात. रुजू होण्याच्या दिवशी सकाळी, जुनी नोकरी सुटलेली असताना, ती पहिल्यांदा समोर ठेवली तर माणसाला सही करण्यावाचून पर्याय उरत नाही. नव्या संहितांनी नियुक्तिपत्र देणे सक्तीचे केले आहे. ते वाचायला पुरेसा वेळ देणे कंपनीच्या हातात आहे.

उत्तरासाठी मुदतही अशीच विचार करून द्यावी. चोवीस तासांत होकार मागितला की उमेदवार घाबरून हो म्हणतो आणि नंतर शांतपणे दुसरीकडे जातो. आठवडा दिला तर तो घरी बोलतो, हिशोब करतो, शंका विचारतो. असा विचार करून आलेला होकार टिकण्याची शक्यता जास्त असते. उलट मुदतच दिली नाही, तर कंपनी दुसऱ्या उमेदवाराला थांबवून ठेवते आणि कोणालाच काही नीट कळत नाही.

शेवटचा परिच्छेद प्रश्नांचा. ‘काही शंका असल्यास संपर्क साधावा’ असे जवळजवळ प्रत्येक मेलमध्ये असते आणि तरीही बहुतेक उमेदवार काही विचारत नाहीत. आपल्याकडे पैशाबद्दल विचारले की माणूस हावरा वाटेल, सुट्टीबद्दल विचारले की कामचुकार वाटेल, अशी धास्ती असते. पहिल्या नोकरीत असलेली मुले तर ‘उगाच विचारून ऑफर गेली तर’ म्हणून गप्प बसतात. त्यामुळे आमंत्रण मोघम असून चालत नाही. आपल्या मेलमध्ये चार गोष्टी केल्या आहेत: कशाबद्दल विचारता येईल ते विषय सांगितले, एका माणसाचा नंबर दिला, वेळ दिली, आणि विचारल्याने ऑफरला धक्का लागणार नाही असे शब्दांत लिहिले. विभागप्रमुखांशी बोलण्याची सोय हा त्यातला सर्वांत उपयोगी भाग आहे. शिफ्ट किती वाजता संपते आणि बस किती वाजता सुटते, हे मनुष्यबळ विभागापेक्षा त्यांना नीट माहीत असते.

उमेदवारानेही ही संधी सोडू नये. पाच फोन करण्यापेक्षा एकच नीट मेल लिहावा: आधी आभार, मग क्रमांक घालून प्रश्न. उदाहरणार्थ, ‘मुलाखतीत सहा महिन्यांनी पगाराचा आढावा घेऊ असे बोलणे झाले होते, तो ऑफरमध्ये दिसला नाही, कृपया कळवाल का?’ तोंडी दिलेली आश्वासने हरवतात ती अशीच. देणारा अधिकारी वर्षभरात दुसरीकडे गेला, तर ते आश्वासन कोणालाच आठवत नाही. लेखी प्रश्नाला लेखी उत्तर मिळाले की दोन्ही बाजूंना आधार राहतो. उत्तर ‘नाही’ असले तरी ते राजीनामा देण्याआधी कळलेले बरे.

ऑफर धोक्याची आहे का, हेही याच तीन ठिकाणी दिसते. पगाराच्या जागी ‘उद्योगातील उत्तम पॅकेज’ असेल आणि आकडा नसेल. सीटीसी असेल पण हातातला पगार विचारल्यावर ‘आल्यावर बघू’ म्हणत असतील. तारीख लिहिलेली असेल पण होकार दिल्यावर ती पुढे ढकलली जात असेल. प्रश्नांना फक्त फोनवर उत्तरे येत असतील आणि मेलवर काहीच येत नसेल, तर राजीनामा लिहायची घाई करू नये. आणि नोंदणी, प्रशिक्षण, गणवेश, लॅपटॉप किंवा अनामत अशा कोणत्याही नावाने रुजू होण्याआधी पैसे मागितले, तर ती ऑफर नव्हेच. नोकरी देणारा पगार देतो, आधी पैसे मागत नाही.

ऑफर लिहिणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते: पाठवण्याआधी तो मेल उमेदवाराच्या आईवडिलांच्या नजरेने एकदा वाचा. हातात किती, कधीपासून, आणि अडले तर कोणाला विचारायचे, ही तीन उत्तरे त्यांना कोणाच्या मदतीशिवाय सापडली, तर मेल पाठवा. सापडली नाहीत, तर अभिनंदनाची एक ओळ कमी करा आणि त्या जागी आकडा, तारीख किंवा फोन नंबर लिहा.